भरतीतली गळती आणि दिवसांचा हिशेब

केंद्रीय लोकसेवा आयोग नागरी सेवा परीक्षेचा अंतिम निकाल लावतो, तेव्हा एक छोटा हिशेबही जाहीर होतो. वर्तमानपत्रांत पहिल्या आलेल्यांचे फोटो पहिल्या पानावर जातात आणि हा हिशेब आत कुठेतरी चार ओळींत उरकतो. २०२४ च्या परीक्षेचा हिशेब असा होता : अर्ज ९,९२,५९९, पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसलेले ५,८३,२१३, मुख्य परीक्षेला पात्र १४,६२७, मुलाखतीला पात्र २,८४५ आणि शेवटी शिफारस झालेले १,००९. पूर्वपरीक्षा १६ जून २०२४ ला झाली आणि निकाल २२ एप्रिल २०२५ ला लागला, म्हणजे मधे ३१० दिवस गेले.

कंपन्यांचे एचआर विभाग दर तिमाहीला 'रिक्रूटमेंट फनेल' नावाचा जो तक्ता बैठकीत मांडतात, त्याचा हा मोठा आणि सर्वांना उघड दिसणारा नमुना आहे. टप्पा, त्या टप्प्यावरची माणसे, दोन टप्प्यांमधली गळती आणि लागलेले दिवस, इतकेच त्यात असते. खाजगी कंपनी त्यात आणखी एक उभी ओळ घालते : उमेदवार कुठून आला. पोर्टलवरून, ओळखीतून, कन्सल्टन्सीकडून की कंपनीच्या वेबसाइटवरून. या तक्त्यावर पुढच्या वर्षीचा खर्च ठरतो. कुठल्या पोर्टलचे सबस्क्रिप्शन चालू ठेवायचे, कुठली कन्सल्टन्सी बंद करायची, रेफरलचा बोनस वाढवायचा का, हे सगळे यावरूनच ठरते. म्हणून तो कसा वाचायचा हा प्रश्न फक्त एचआरवाल्यांचा उरत नाही.

आधी आयोगाच्याच आकड्यांकडे पाहू, कारण तिथे गळतीचे दोन अगदी वेगळे प्रकार शेजारी शेजारी दिसतात. अर्ज केलेल्यांपैकी ४१ टक्के लोक परीक्षेलाच आले नाहीत. ही गळती उमेदवारांनी केलेली आहे. अभ्यास झाला नाही, दुसरी नोकरी लागली, अर्ज नुसताच भरून ठेवला होता. पुढच्या टप्प्यावर मात्र बसलेल्यांपैकी साडेसत्त्याण्णव टक्के गळाले, आणि ही गळती आयोगाने केली. तीही उमेदवारांच्या दर्जामुळे इतकी भयंकर झालेली नाही. मुख्य परीक्षेला रिक्त जागांच्या साधारण बारा-तेरा पट उमेदवार बोलवायचे हा नियमच आहे. अर्ज दुप्पट आले असते तर गळतीचा टक्का आणखी वाढला असता आणि त्यातून देशातल्या तरुणांच्या बुद्धिमत्तेबद्दल काहीही सिद्ध झाले नसते. जागा किती, तपासणारे किती आणि वेळ किती, यावर हा टक्का ठरतो.

खाजगी कंपनीच्या तक्त्यात नेमका हाच फरक पुसला जातो. सगळ्या गळतीला एकच रंग, एकच टक्का. कोणी कोणाला सोडले हे कळत नाही.

हे नीट दिसावे म्हणून एक उदाहरण घेऊ. हिंजवडीतली एक मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी आहे असे समजा. तिला तीन ते सहा वर्षे अनुभवाचे डेव्हलपर हवे आहेत. १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात आलेल्या सगळ्या अर्जांचा माग तिने ३० सप्टेंबरपर्यंत ठेवला. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मी बसवलेले आहेत, पण त्यांची चण या धंद्यातल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

| स्रोत | अर्ज | छाननीत पार | मुलाखत दिली | ऑफर | रुजू |
|---|---|---|---|---|---|
| जॉब पोर्टल | ८०० | १६० | ८० | २० | १० |
| रेफरल | १०० | ५० | ४० | १६ | १२ |
| कन्सल्टन्सी | १८० | ९० | ६० | १८ | १० |
| कंपनीची वेबसाइट | १२० | २० | १२ | ६ | ४ |
| एकूण | १२०० | ३२० | १९२ | ६० | ३६ |

शेवटच्या ओळीची गळती काढली तर छाननीत ७३ टक्के, छाननी ते मुलाखत ४० टक्के, मुलाखत ते ऑफर ६९ टक्के आणि ऑफर ते रुजू ४० टक्के येते. बैठकीत सर्वांचे बोट लगेच ७३ वर जाते, कारण आकडा मोठा. खरे तर तो सर्वांत निरुपद्रवी आहे. पोर्टलवर एका क्लिकने अर्ज जातो. टेस्टिंगवाला, सपोर्टवाला, नुकता पास झालेला, सगळेच अर्ज टाकतात आणि ते छाननीत जाणारच. छाननीतली गळती कमी करायची तर जाहिरातीतले वर्णन नेमके करणे हा एक उपाय आहे, पण त्यातून वाचतो तो छाननी करणाऱ्याचा वेळ. चांगला माणूस तिथे फारसा हातचा जात नाही.

पैसा जातो तो दोन्ही ४० टक्क्यांमध्ये. छाननीत पार झालेल्या ३२० जणांपैकी १२८ मुलाखतीपर्यंत पोचलेच नाहीत. रिक्रूटरच्या नोंदी उघडून कारणे वेगळी केली की चित्र पालटते. समजा ४६ जणांनी फोनच उचलला नाही. २८ जणांची पगाराची अपेक्षा बसत नव्हती. ३४ जणांनी वेळ दिली आणि आलेच नाहीत. उरलेल्या २० जणांच्या वेळेला मुलाखत घेणारा इंजिनीयर मोकळा नव्हता, दोनदा तारीख बदलली आणि उमेदवाराने नाद सोडला. तक्त्यात हे सगळे एकाच ४० टक्क्यांत बसतात, पण उपाय चार वेगळे आहेत. पगाराचे २८ जण कमी करायचे तर जाहिरातीत पगाराची मर्यादा छापावी लागेल, आणि त्याला बहुतेक कंपन्या तयार नसतात. शेवटचे २० जण एचआरच्या हातातले नाहीतच. ते प्रोजेक्ट मॅनेजरच्या कॅलेंडरमुळे गेले, आणि प्रश्न विचारला जातो तो एचआरला.

दुसरी ४० टक्के गळती ऑफरनंतरची. ही आपल्याकडच्या आयटी क्षेत्राची खास दुखरी जागा आहे, आणि तिचे मूळ नोटीस पिरियडमध्ये आहे. साठ किंवा नव्वद दिवसांची नोटीस असली की उमेदवाराच्या हातात ऑफर लेटर आणि दोन-तीन महिन्यांचा मोकळा वेळ येतो. त्या काळात तो ते लेटर दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागतो. जुनी कंपनीही पगार वाढवून थांबवते. 'इमिजिएट जॉइनर' हवेत अशी ओळ जाहिरातींमध्ये इतकी दिसते ती याचमुळे. म्हणून आपल्याकडच्या तक्त्यात 'ऑफर दिली', 'ऑफर स्वीकारली' आणि 'रुजू झाला' असे तीन वेगळे रकाने हवेतच. परदेशात तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा स्वीकृतीलाच 'हायर्ड' म्हणून गोष्ट संपवलेली असते. आपल्या उदाहरणातल्या साठ ऑफरींपैकी समजा ५४ जणांनी ईमेलवर होकार दिला. त्या दिवशीच्या तक्त्यात गळती १० टक्के दिसली असती. सहा महिन्यांनी ती ४० टक्के आहे.

आता दिवसांकडे येऊ, कारण तक्त्यात सर्वांत जास्त फसवणारा रकाना तोच आहे.

'सरासरी किती दिवसांत भरती होते' या प्रश्नात घड्याळ कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे हे आधी ठरवावे लागते. जागा मंजूर झाल्यापासून मोजले तर तो जागा भरण्याचा काळ. उमेदवाराचा अर्ज आल्यापासून मोजले तर तो उमेदवाराचा काळ. दोन्ही आकडे खरेच असतात, पण ते वेगळ्या गोष्टी सांगतात आणि बैठकीत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

आपल्या ३६ जणांचे दिवस अर्ज ते ऑफर आणि ऑफर ते रुजू असे दोन तुकड्यांत मोडू. पोर्टलवरून आलेल्यांना सरासरी ३० अधिक ५० म्हणजे ८० दिवस लागले. रेफरलच्या माणसांना २४ अधिक ६२ म्हणजे ८६, कन्सल्टन्सीच्या माणसांना २२ अधिक ४० म्हणजे ६२ आणि वेबसाइटवरून आलेल्यांना ३५ अधिक ५५ म्हणजे ९०. सर्वांची मिळून सरासरी ७८ दिवस. फक्त बेरीज पाहिली तर निष्कर्ष सरळ दिसतो : कन्सल्टन्सी सर्वांत जलद, रेफरल संथ, वेबसाइट सर्वांत वाईट. यातली तिन्ही विधाने तपासायला हवीत.

रेफरल संथ दिसते कारण आपल्या कर्मचाऱ्याने ज्याचे नाव सुचवले तो बहुतेक कुठेतरी नीट नोकरी करत असतो. तो नोकरी शोधत नव्हता, मित्राने सुचवले म्हणून आला. त्यामुळे त्याला पूर्ण नोटीस भरावी लागते. कंपनीच्या ताब्यातला काळ, म्हणजे अर्ज ते ऑफर, फक्त २४ दिवसांचा आहे. उरलेले ६२ दिवस त्याच्या जुन्या कंपनीचे आहेत, ते भरतीचे काम जलद करून कमी होत नाहीत. नोटीसचे पैसे भरून त्याला लवकर सोडवता येते, पण तो खर्चाचा प्रश्न झाला, वेगाचा नव्हे.

कन्सल्टन्सीचे घड्याळ तर मुळातच उशिरा सुरू होते. जागा मंजूर झाली, कन्सल्टन्सीला फोन गेला, त्यांनी पंधरा-वीस दिवस माणसे धुंडाळली, बोलणी केली, नोटीसवर असलेले निवडून काढले आणि मग रेझ्युमे पाठवले. अर्जाची तारीख तिथून लागते. पोर्टलवरून माणूस शोधताना हेच धुंडाळणे कंपनीचा रिक्रूटर करतो आणि ते दिवस त्याच्या खात्यात जमा होतात. दोघांची तुलना करायची तर दोघांचेही घड्याळ जागा मंजूर झाल्याच्या तारखेपासून लावायला हवे. कन्सल्टन्सीचे मोल यामुळे शून्य होत नाही. पण महिन्याभराच्या पगाराइतकी, म्हणजे वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के फी भरताना आपण वेग विकत घेतो आहोत की फक्त घड्याळाची सोयीची जागा, हे माहीत असावे.

वेबसाइटची गोष्ट सरासरीची आहे. चार माणसे रुजू झाली, त्यांना लागलेले दिवस ५८, ६२, ७० आणि १७०. चौथ्याची ऑफर तयार होती, पण प्रोजेक्ट लांबला म्हणून ती जागा तीन महिने गोठवून ठेवली होती. सरासरी ९० आली, पण चारांतल्या तिघांना सत्तर किंवा त्याहून कमी दिवस लागले आहेत. दिवसांच्या मोजणीत हे नेहमीचे आहे. शून्याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही आणि वरच्या बाजूला मर्यादा नाही, त्यामुळे एखादा अडकलेला माणूस सगळी सरासरी ओढून नेतो. इथे मध्यक घ्यावा : सगळे दिवस चढत्या क्रमाने लावून मधला आकडा. वेबसाइटचा मध्यक ६६ येतो. तरी कंपन्या सरासरीच का छापतात? माझा अंदाज असा की त्याचे एक कारण अगदी घरगुती आहे : एक्सेलमध्ये अटीनुसार सरासरी काढायला `AVERAGEIFS` तयार मिळते, मध्यकासाठी तसे तयार फंक्शन नाही. नव्या आवृत्त्यांत ते असे काढता येते, ब रकान्यात स्रोत आणि फ रकान्यात दिवस असतील तर :

```
=MEDIAN(FILTER(F2:F37,B2:B37="वेबसाइट"))
```

अर्थात चार माणसांचा मध्यक काढूनही तो चार माणसांचाच राहतो. वेबसाइटवरून सहा ऑफरींपैकी दोन गेल्या, म्हणून गळती ३३ टक्के. आणखी एक गेली असती तर ५०, एक कमी गेली असती तर १७. अशा रकान्यात टक्का छापूच नये, 'सहापैकी दोन' असे लिहावे. वाचणाऱ्याला आपोआप कळते की यावर धोरण ठरवायचे नसते.

याहून मोठी चूक तक्ता काढण्याच्या तारखेत असते. समजा वरच्या तुकडीचा तक्ता १५ एप्रिललाच काढला असता. तोवर नऊ जण रुजू झाले होते आणि त्यांची सरासरी ४७ दिवस होती. सप्टेंबरअखेर त्याच तुकडीची सरासरी ७८ झाली. कारण उघड आहे : एप्रिलच्या मध्यापर्यंत रुजू होऊ शकले ते ज्यांची नोटीस छोटी होती तेच. संथ माणसे अजून वाटेत होती, आणि जे पोचलेले नाहीत त्यांचे दिवस सरासरीत येत नाहीत. म्हणून तिमाही संपताच काढलेला तक्ता नेहमी प्रत्यक्षापेक्षा जलद दिसतो. वैद्यकीय संशोधनात हाच प्रश्न रुग्णांच्या बाबतीत येतो, कारण अभ्यास संपतो तेव्हा बरेच रुग्ण अजून निरीक्षणाखाली असतात. त्यावर कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिलेली रीत आजही रुग्णालयांच्या अभ्यासांत वापरतात. भरतीतही ती वापरता येते. तितके करायचे नसेल तर निदान 'अजून प्रक्रियेत असलेले' असा एक रकाना तक्त्यात ठेवावा. बहुतेक तक्त्यांत तो नसतो आणि वाटेतली माणसे गळतीत तरी जातात किंवा हवेत विरतात.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे मार्चमध्ये रुजू झालेल्यांना मार्चच्या अर्जांनी भागणे. मार्चमध्ये रुजू झालेला माणूस डिसेंबरात अर्ज करून बसला होता. मार्चमध्ये नवी जाहिरात आली, अर्ज दुप्पट झाले, की त्या महिन्याचा टक्का अर्ध्यावर येतो. काहीही बिघडलेले नसते. माणसांची तुकडी अर्जाच्या महिन्याने बांधायची आणि तिच्याच मागे शेवटपर्यंत जायचे, हाच यावरचा उपाय. त्याची किंमत एवढीच की उत्तर उशिरा मिळते.

स्रोतानुसार फोड का हवी याचे सर्वांत पटणारे कारण एकूण टक्क्याच्या फसवेपणात आहे. वरच्या तक्त्यातले पोर्टल आणि रेफरल एवढेच घ्या : ९०० अर्जांतून २२ रुजू, म्हणजे २.४ टक्के. समजा पुढच्या तिमाहीत दोन्ही सुधारले. पोर्टलचा टक्का सव्वावरून दीडवर गेला, रेफरलचा बारावरून तेरावर. पण त्याच काळात पोर्टलचे अर्ज ८०० वरून २,००० झाले आणि रेफरल शंभरच राहिले. आता २,१०० अर्जांतून ४३ रुजू, म्हणजे २ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही वाटा सुधारल्या आणि एकूण आकडा घसरला. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. बैठकीत ती 'भरती विभागाची कामगिरी घसरली' अशी नोंद होते.

मात्र स्रोताचा रकाना स्वतःच कितपत खरा असतो? इथे मी फारसा आशावादी नाही. एकच माणूस पोर्टलवर असतो, त्याचा रेझ्युमे दोन कन्सल्टन्सी पाठवतात आणि त्याचा कॉलेजमधला मित्र त्याच कंपनीत असतो. तो कुणाच्या खात्यात टाकायचा? कन्सल्टन्सीच्या करारात बहुधा अमुक महिने त्या उमेदवारावर त्यांचा हक्क असल्याचे कलम असते. रेफरलला बोनस असतो, त्यामुळे पोर्टलवरून आलेला उमेदवारसुद्धा 'माझे नाव टाक' या फोननंतर रेफरल होतो. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये 'आमच्याबद्दल कुठून कळले' या यादीत जो पर्याय पहिला असतो त्याची संख्या संशयास्पद फुगलेली असते, कारण घाईत माणूस पहिलाच निवडतो. पर्यायांचा क्रम महिनाभर बदलून पाहिला की हे लगेच ताडता येते. पहिली ओळख ज्याच्यामुळे झाली त्याला श्रेय द्यायचे की शेवटचा धक्का ज्याने दिला त्याला, हा नियम आधी लिहून ठेवला नाही तर स्रोतांची तुलना ही बोनस कुणी आधी मागितला याची तुलना होते.

ओळखीच्या वाटेचे गुणगान जुने आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांचा अभ्यास करून १९७४ मध्ये दाखवले की निम्म्याहून अधिक लोकांना नोकरीची खबर ओळखीतून मिळाली होती. त्याचा त्याहून गाजलेला मुद्दा असा की ती खबर जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून जास्त येते, कारण त्यांचे जग आपल्यापेक्षा वेगळे असते. कंपनीची रेफरल योजना मात्र जवळच्याच लोकांना ओढते : तेच कॉलेज, तोच जिल्हा, तीच जुनी कंपनी. रेफरलचा १२ टक्के यशदर पाहून सगळा भर तिकडे दिला तर त्याची दुसरी बाजू या तक्त्यात दिसणार नाही, कारण तक्त्यात माणसांची संख्या असते, त्यांच्यातला सारखेपणा नसतो.

दोन प्रकारच्या भरतीला हा तक्ता लावूच नये. कॅम्पसमध्ये सातव्या सत्रात ऑफर मिळते आणि मूल पदवीनंतर, पुढच्या वर्षी रुजू होते. तिथले दहा-अकरा महिने वरच्या सरासरीत मिसळले तर काहीच अर्थ राहत नाही. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत होणाऱ्या भरतीत उलट असते : सकाळी गेटवर आलेला आयटीआयवाला दुसऱ्या दिवशी लाइनवर उभा असतो. तिथली गळती पहिल्या पगाराच्या आसपास, काम सोडून जाणाऱ्यांत मोजावी लागते.

शेवटचा धोका तक्त्यावरच बक्षीस लावल्यावर सुरू होतो. 'सरासरी दिवस पन्नासच्या खाली आणा' असे रिक्रूटरच्या उद्दिष्टात लिहिले की दिवस नक्की कमी होतात, भरती जलद होईलच असे नाही. जागा आतून मंजूर असते, पण सिस्टिममध्ये उघडली जाते ती उमेदवार डोळ्यासमोर आल्यावर. रखडलेली जागा बंद करून नव्या क्रमांकाने उघडतात आणि घड्याळ शून्यावर येते. उमेदवाराला पहिला ईमेल पाच तारखेचा आणि सिस्टिममध्ये अर्ज वीस तारखेचा. हे पकडायला लेखापरीक्षक लागत नाही. टप्प्यांमधले दिवस वेगळे छापा : ज्या नोंदींत छाननी, फोन आणि मुलाखत एकाच तारखेला दिसतात, किंवा शेकडो नकार महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी एकदम भरलेले दिसतात, तिथे तक्ता काम झाल्यावर भरलेला आहे आणि त्यातल्या दिवसांना काही किंमत नाही.

वरच्या उदाहरणातल्या कंपनीला या तक्त्यावरून दोनच निर्णय सुरक्षितपणे घेता येतात असे माझे मत आहे : मुलाखत घेणाऱ्या इंजिनीयरांचे आठवड्याचे ठरावीक तास बांधून घ्यावेत आणि ऑफरनंतर नोटीस संपेपर्यंत उमेदवाराशी संपर्क कोणी ठेवायचा ते ठरवावे. कन्सल्टन्सी बंद करण्याचा किंवा रेफरल बोनस दुप्पट करण्याचा निर्णय दहा-बारा माणसांच्या रकान्यांवर घेऊ नये. त्यासाठी अशा आणखी तीन-चार तुकड्या पूर्ण व्हाव्या लागतील.